दहा मीटर केबलवर रिफ्लेक्शन आणि एसडब्ल्यूआर: नव्याने सर्किट बांधणाऱ्यांसाठी

डिजिटल बोर्ड बनवणारा विचारतो, "क्लॉक तर फक्त एक मेगाहर्ट्झचा आहे, मग स्कोपवर ही वळवळ कुठून आली?" रेडिओ बांधणारा विचारतो, "मीटरवर दीड दिसतंय, चालेल का?" दोघे एकाच गोष्टीबद्दल विचारत असतात: तारेच्या टोकावरून मागे फिरणाऱ्या लाटेबद्दल, म्हणजे रिफ्लेक्शनबद्दल. ती किती परत आली ते सांगणारा रेडिओवाल्यांचा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. पण बहुतेक ठिकाणी दोन्ही विषय वेगवेगळे शिकवले जातात. त्यामुळे पहिल्याला वाटतं की ही पीसीबीची भानगड आहे आणि दुसऱ्याला वाटतं की ही अँटेनाची.

खाली एकाच केबलच्या तुकड्यावर दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहायची पद्धत दिली आहे. क्रम शक्यतो मोडू नका. थेट अँटेनाच्या पायरीवर उडी मारली तर मीटरवरचा आकडा दिसेल, पण तो काय सांगत नाही ते कळणार नाही. आणि खरी फसगत तिथेच होते.

## लागणारं साहित्य

- आरजी-५८ केबल, १० मीटर, दोन्ही टोकांना बीएनसी कनेक्टर. शिवाय एक बीएनसी टी.
- ७४एसी१४ आयसी. ७४एचसी१४ सुद्धा चालेल, फक्त एज, म्हणजे सिग्नलची खालून वर किंवा वरून खाली जाणारी कड, थोडी मंद मिळेल.
- २२० ओहमचे पाच, ५१ ओहमचे दोन-तीन, १००, ८२ आणि ३३ ओहमचे एकेक रेझिस्टर. कार्बन किंवा मेटल फिल्मचेच घ्या. सिमेंटच्या पांढऱ्या ठोकळ्यातले वायरवाउंड नकोत, कारण आतली तार गुंडाळलेली असते आणि या वेगाला ती कॉइलसारखी वागते.
- १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप आणि १० मेगाहर्ट्झपर्यंत साइन वेव्ह देणारा, ५० ओहम आउटपुटचा फंक्शन जनरेटर. स्वतःचे नसतील तर कॉलेजच्या लॅबमध्ये एका दुपारचं काम आहे.
- अँटेनाच्या भागासाठी नॅनोव्हीएनए हा अँटेना मोजायचा छोटा मीटर आणि त्याबरोबर येणारे ओपन, शॉर्ट, लोड हे तीन तुकडे.

केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते, पण घेताना टोक सोलून बघा. जाळी विरळ असेल, आतलं पांढरं इन्सुलेशन जाळीतून ढळढळीत दिसत असेल, तर दुसरा रोल मागा. टीव्हीची ७५ ओहमची केबल स्वस्त पडते म्हणून उचलू नका. ती काय गंमत करते ते पुढे येईल.

## १. पल्स जनरेटर जोडा

७४एसी१४ मध्ये सहा इन्व्हर्टर असतात. त्यातल्या एकाच्या आउटपुटपासून इनपुटकडे १ किलोओहम आणि इनपुटपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड लावला की साधारण १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल मिळतो. नेमकी फ्रिक्वेन्सी महत्त्वाची नाही. हा सिग्नल उरलेल्या पाचही इन्व्हर्टरच्या इनपुटला द्या, प्रत्येकाच्या आउटपुटला २२० ओहम लावा आणि पाचही रेझिस्टरची दुसरी टोकं एकत्र करून बीएनसीला जोडा. आयसीच्या सप्लाय पिनला अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. सप्लाय ३.३ व्होल्ट ठेवा.

पाच रेझिस्टर समांतर म्हणजे ४४ ओहम, त्यात इन्व्हर्टरचा स्वतःचा थोडा रोध. म्हणजे हा जनरेटर जवळपास ५० ओहमचा झाला. एकाच इन्व्हर्टरला एक रेझिस्टर लावून भागलं असतं, पण पुढे केबलचं टोक शॉर्ट करायचं आहे. तेव्हा सगळा करंट एका आउटपुटवर पडू नये म्हणून हा पाचांचा खटाटोप.

आता बीएनसी टी स्कोपच्या इनपुटवर बसवा. एका बाजूला जनरेटर अगदी छोट्या केबलने, दुसऱ्या बाजूला १० मीटरची केबल. स्कोपचं इनपुट १ मेगाओहमवर ठेवा. ५० ओहमवर राहिलं तर पुढचे सगळे आकडे चुकतील.

## २. केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवून बघा

स्कोपवर चढती एज सरळ ३.३ व्होल्टला जाणार नाही. ती साधारण १.६५ व्होल्टवर थांबेल, तिथे सुमारे १०० नॅनोसेकंद सपाट राहील आणि मग उरलेली अर्धी उडी घेईल.

ही पायरी म्हणजेच रिफ्लेक्शन. एज निघाली त्या क्षणी जनरेटरला १० मीटर पलीकडे काय जोडलंय ते माहीत असायचा मार्गच नाही. त्याला समोर फक्त केबल दिसते, आणि ही केबल जाणाऱ्या लाटेला ५० ओहमसारखी वाटते. म्हणून जनरेटरचे ५० आणि केबलचे ५० यांत व्होल्टेज अर्धं-अर्धं वाटलं जातं. १.६५ व्होल्टची लाट ३३ मिलिअँपिअर करंट घेऊन निघते. मोकळ्या टोकाला पोचल्यावर त्या करंटला पुढे जायला जागा नसते. टोकाचं व्होल्टेज दुप्पट होतं आणि १.६५ व्होल्टची दुसरी लाट मागे फिरते. ती तुमच्यापर्यंत आली की पायरीची दुसरी उडी दिसते.

आरजी-५८ मध्ये लाट प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६६ टक्क्यांनी धावते, म्हणजे मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद. जाऊन-येऊन २० मीटर, म्हणून १०० नॅनोसेकंद. पायरीची रुंदी मोजून उलट हिशेब केला तर केबलची लांबी निघते. केबल मध्येच तुटली असेल तर ती किती मीटरवर तुटली तेही याच पायरीवरून कळतं.

## ३. टोकाला वेगवेगळे रेझिस्टर लावा

हा भाग घाईने उरकू नका. दूरच्या टोकाला एकेक गोष्ट लावा आणि पहिले १०० नॅनोसेकंद संपल्यावर स्कोपवर काय होतं ते वहीत लिहा.

५१ ओहम लावल्यावर पायरी जवळजवळ गायब होते. व्होल्टेज १.६५ वर जातं आणि तिथेच राहतं. मागे काही आलंच नाही.

शॉर्ट केल्यावर १.६५ व्होल्ट फक्त १०० नॅनोसेकंद टिकतं आणि शून्यावर येतं. लाट परत आली खरी, पण उलट्या चिन्हाची. उतरत्या एजला तसाच खाली जाणारा टोकदार पल्स दिसेल. तो बिघाड नाही.

१०० ओहम लावल्यावर व्होल्टेज १.६५ वरून २.२ ला चढतं. लाट ३३ मिलिअँपिअर घेऊन पोचली, पण १.६५ व्होल्टला १०० ओहमचा रेझिस्टर फक्त १६.५ मिलिअँपिअर घेऊ शकतो. हिशेब जुळत नाही. तो जुळवायला ०.५५ व्होल्टची लाट मागे निघते आणि आपल्याबरोबर ११ मिलिअँपिअर उलट्या दिशेने नेते. आता टोकाला २.२ व्होल्ट आणि २२ मिलिअँपिअर आहेत, म्हणजे बरोबर १०० ओहम. रिफ्लेक्शनमागे एवढंच आहे. लाटेचं व्होल्टेज आणि करंट यांचं गुणोत्तर केबल ठरवते, टोकावरचं गुणोत्तर लोड ठरवतो, आणि दोन्ही वेगळी असली की फरक परत पाठवावा लागतो.

शेवटी ५१ चे दोन समांतर लावा, म्हणजे २५ ओहम. आता व्होल्टेज १.६५ वरून १.१ ला उतरेल. पुन्हा ०.५५ चाच फरक, पण उलट्या दिशेने.

सूत्रात मांडलं तर असं. Γ म्हणजे परतलेल्या लाटेचं निघालेल्या लाटेशी गुणोत्तर, ZL म्हणजे टोकावरच्या लोडचे ओहम आणि Z0 म्हणजे केबलचे:

```
Γ = (ZL - Z0) / (ZL + Z0)
```

१०० ओहमसाठी याचं उत्तर अधिक १/३ येतं, २५ साठी उणे १/३, मोकळ्या टोकासाठी अधिक १ आणि शॉर्टसाठी उणे १. हे चिन्ह लक्षात ठेवा, रेडिओच्या भागात ते हरवणार आहे.

## ४. आता हेच बोर्डवर आणा

बोर्डवरचा ट्रॅक म्हणजे छोटी केबलच. साध्या एफआर४ बोर्डच्या पृष्ठभागावर लाट नॅनोसेकंदाला साधारण १६ सेंटिमीटर जाते. तेव्हा पहिला प्रश्न "क्लॉक किती मेगाहर्ट्झ" हा नसतो, "एज किती नॅनोसेकंदांची" हा असतो. एज १ नॅनोसेकंदाची असेल तर ती चढून होईपर्यंत तिची सुरुवात १६ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ट्रॅकवरून जाऊन यायला लागणारा वेळ एजच्या वेळेपेक्षा जास्त झाला की रिफ्लेक्शन पूर्ण उंचीचं दिसतं. सावध राहायचं तर एज जेवढ्या लांबीत मावते तिच्या सहाव्या भागापासूनच काळजी घ्या. १ नॅनोसेकंदाच्या एजला ते अडीच सेंटिमीटर होतात. क्लॉक सेकंदाला एकदाच हलत असला तरी हा नियम बदलत नाही. म्हणूनच जुन्या मंद आयसीवर वर्षानुवर्षं चाललेलं सर्किट नव्या वेगवान आयसीवर बिघडतं. क्लॉक तोच असतो, एज बदललेली असते.

ट्रॅकचे ओहम त्याची रुंदी आणि खालच्या ग्राउंडपासूनचं अंतर यांवर ठरतात. नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन थरांच्या बोर्डवर, खाली सलग ग्राउंड असताना, पाव मिलिमीटरचा ट्रॅक १३० ओहमच्या आसपास भरतो. त्याच बोर्डवर ५० ओहम हवे असतील तर ट्रॅक सुमारे ३ मिलिमीटर रुंद करावा लागतो, जे आयसीच्या पायांजवळ अशक्यच. चार थरांच्या बोर्डवर ग्राउंड ०.२ मिलिमीटरवर असतं, तिथे ०.३५ मिलिमीटरच्या ट्रॅकला ५० ओहम मिळतात.

आता एक पूर्ण हिशेब करू. एका ट्रान्सीव्हरमध्ये बँड फिल्टरचे रिले शिफ्ट रजिस्टरने चालवायचे आहेत असं धरा. कंट्रोल बोर्डपासून फिल्टर बोर्डपर्यंत ३० सेंटिमीटर रिबन केबल आहे, क्लॉकच्या शेजारी ग्राउंडची तार आहे, म्हणजे साधारण १०० ओहमची लाइन. कंट्रोल बोर्डवर ३.३ व्होल्टचा जोरदार बफर, त्याचा आउटपुट रोध १५ ओहम धरू. पलीकडे ५ व्होल्ट सहन करणारं इनपुट असलेलं रजिस्टर. अशा इनपुटला वरच्या बाजूचा संरक्षक डायोड नसतो आणि करंट ते जवळजवळ घेतच नाही, म्हणजे मोकळं टोकच.

निघणारी लाट २.८७ व्होल्टची. मोकळ्या टोकाला ती दुप्पट होते, ५.७४. परतलेली लाट बफरपाशी येते. तिथे १०० च्या समोर १५ ओहम आहेत, म्हणून गुणांक उणे ०.७४. चिन्ह उलटून ती पुन्हा पुढे जाते. रजिस्टरच्या पायावर दर २.९ नॅनोसेकंदांनी येणारे आकडे असे:

- ५.७४ व्होल्ट
- १.५० व्होल्ट
- ४.६३ व्होल्ट
- २.३१ व्होल्ट, आणि मग हळूहळू ३.३

दुसरा आकडा घातक आहे. ३.३ व्होल्टच्या लॉजिकचा उंबरठा त्याच आसपास असतो. सिग्नल वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. रजिस्टरने एका क्लॉकऐवजी दोन मोजले तर सगळे बिट एक घर सरकतात आणि भलताच रिले ओढला जातो. सॉफ्टवेअर तपासण्यात रात्र जाते, कारण प्रोग्राम निर्दोषच असतो. क्लॉकचा वेग कमी केला तरी दोष जात नाही, ही या रोगाची खूण. हा हिशेब ताठ उभ्या एजचा आहे. प्रत्यक्षात एज थोडी कललेली असते, आणि वरचा डायोड असलेल्या इनपुटला लाटेचा शेंडा कापला जातो. त्यामुळे कधी दोष दिसतो, कधी नाही, आणि तेच जास्त वैताग आणतं.

## ५. योग्य रेझिस्टर, योग्य जागी

उपाय एका रेझिस्टरचा आहे. बफरचा रोध आणि हा रेझिस्टर मिळून लाइनइतके ओहम व्हायला हवेत. इथे १०० वजा १५, म्हणजे ८५. बाजारात ८२ मिळतो. तो लावला की निघणारी लाट १.६८ व्होल्टची होते, टोकाला दुप्पट होऊन ३.३५ आणि परतलेली लाट बफरपाशी जिरून जाते. ५० ओहमच्या ट्रॅकवर याच हिशेबाने ३३ किंवा २७ ओहम येतो. अनेक बोर्डांवर क्लॉकच्या वाटेत ३३ ओहमचा इवलासा रेझिस्टर दिसतो तो याचसाठी.

रेझिस्टर बफरच्या पायाला चिकटूनच हवा, एखाद्या सेंटिमीटरच्या आत. रजिस्टरच्या बाजूला लावला तर तिथे करंटच नसल्याने त्याच्यावर काही पडत नाही आणि लाट आधीसारखीच उड्या मारते. "रेझिस्टर लावून पाहिला, फरक पडला नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी तो कुठल्या टोकाला आहे ते विचारतो.

दुसरी अडचण एकाच क्लॉकवर तीन-चार आयसी माळेसारखे लावले की येते. मधल्या आयसीला जाणारी अर्धी लाट आधी दिसते आणि परतलेली अर्धी नंतर. तेवढा वेळ त्याचं इनपुट बरोबर उंबरठ्यावर लटकतं, दुसऱ्या पायरीत स्कोपवर दिसलं तसं. अशा वेळी प्रत्येक आयसीला वेगळा रेझिस्टर आणि वेगळा ट्रॅक द्या, किंवा लाइनच्या शेवटी लाइनइतकाच रेझिस्टर ग्राउंडला लावा. दुसऱ्या उपायात करंट सतत वाहतो, म्हणून बफर तेवढा दमदार आहे का ते बघावं लागतं.

आणि ट्रॅकखालचं ग्राउंड मध्येच चिरू नका. परतीचा करंट ट्रॅकच्या बरोबर खालून वाहतो. तिथे फट पडली की त्याला वळसा घालावा लागतो आणि त्या जागी ओहम बदलतात, म्हणजे नवं रिफ्लेक्शन.

## ६. प्रोब खोटं बोलतोय का ते तपासा

प्रोबची मगरक्लिपवाली ग्राउंड वायर दहा-बारा सेंटिमीटरची असते. तिचं इंडक्टन्स आणि प्रोबच्या टोकाचं कपॅसिटन्स मिळून १५० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजतात. मग स्वच्छ सिग्नलवरही वळवळ दिसते. ग्राउंड वायर काढा, टोकाशी बसणारी छोटी स्प्रिंग लावा आणि पुन्हा बघा. वळवळीची फ्रिक्वेन्सी बदलली तर ती प्रोबची होती.

उलटही होतं. वरच्या उदाहरणातली वळवळ सुमारे १७० मेगाहर्ट्झची आहे. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपची स्वतःची एजच साडेतीन नॅनोसेकंदांची असते, तो ती वळवळ बरीच दाबून दाखवेल आणि सगळं ठीक भासेल. अशा वेळी स्कोपशी वाद न घालता ८२ ओहम लावून दोष जातो का ते बघणं जास्त शहाणपणाचं.

## ७. त्याच केबलवर साइन वेव्ह सोडा

आता पल्स जनरेटर काढा आणि टीवर फंक्शन जनरेटर लावा. दूरच्या टोकाला ५१ ओहम ठेवून स्कोपवर २ व्होल्ट पीक-टू-पीक येईल असं आउटपुट लावा. फ्रिक्वेन्सी ५०० किलोहर्ट्झपासून १० मेगाहर्ट्झपर्यंत फिरवा. व्होल्टेज जागचं फारसं हलणार नाही.

टोकाला १०० ओहम लावा आणि पुन्हा फिरवा. ५०० किलोहर्ट्झला साधारण २.६७ व्होल्ट. फ्रिक्वेन्सी वाढवाल तसं ते उतरत जाईल, ५ मेगाहर्ट्झच्या जरा अलीकडे १.३३ च्या आसपास तळाला जाईल आणि १० च्या जवळ पुन्हा वर येईल. ४.९५ मेगाहर्ट्झला १० मीटर म्हणजे केबलमधली बरोबर पाव लाट. जाऊन-येऊन अर्धी होते, म्हणून परतलेली लाट निघणाऱ्या लाटेच्या विरुद्ध पडते. ९.९ ला ती तिच्याबरोबर पडते.

सर्वांत जास्त भागिले सर्वांत कमी, २.६७ भागिले १.३३, म्हणजे २. हाच एसडब्ल्यूआर. केबलमध्ये थोडी लाट जिरते म्हणून तुम्हाला १.९ वगैरे मिळेल.

```
SWR = (1 + |Γ|) / (1 - |Γ|)
```

तिसऱ्या पायरीत पल्सने दाखवलेलं १/३ या सूत्रात घाला, २ येतं. एकच लाट परत येते आहे. पल्समध्ये ती वेळेने वेगळी होऊन दिसली, साइनमध्ये ती निघणाऱ्या लाटेत मिसळून केबलवर उंच-सखल जागा करून बसली. रेडिओवाले या उंच-सखल जागांना स्टँडिंग वेव्ह म्हणतात.

टोकाला २५ ओहम लावून बघा. गुणोत्तर पुन्हा २ च. फक्त तळ आणि शिखर यांच्या फ्रिक्वेन्सी अदलाबदल झाल्या. एसडब्ल्यूआर फक्त किती परत आलं ते सांगतो. ते कुठून आलं, लोड जास्त ओहमचा होता की कमी, हे त्या आकड्यात नाही.

## ८. अँटेनावर एसडब्ल्यूआर मोजा

उदाहरण दोन मीटर बँडच्या पाव लाटेच्या ग्राउंड प्लेन अँटेनाचं घेऊ. भारतात हा हौशी बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. प्रक्षेपणाला परवाना लागतो. मोजण्यासाठी नॅनोव्हीएनए मिलिवॉटच्याही अंशाइतकी शक्ती सोडतो. मात्र त्याच्या तोंडावर कधीही ट्रान्समीटर लावून बटण दाबू नका, तो तिथेच मरेल.

फ्रिक्वेन्सीचा पट्टा १३५ ते १५५ मेगाहर्ट्झ लावा, मग ओपन, शॉर्ट, लोड हे तुकडे क्रमाने लावून कॅलिब्रेशन करा. पट्टा नंतर बदलला तर कॅलिब्रेशन पुन्हा. जमेल तर ते अँटेनाजवळच्या केबलच्या टोकाशी करा, म्हणजे केबल हिशेबातून निघून जाते.

१४५ मेगाहर्ट्झची पाव लाट ५१.७ सेंटिमीटर. अँटेनाची उभी दांडी तेवढीच कापली तर एसडब्ल्यूआरचा खड्डा अपेक्षेपेक्षा खाली येईल. समजा १३९ ला आला. खड्डा खाली म्हणजे दांडी लांब. ५१.७ गुणिले १३९ भागिले १४५ म्हणजे ४९.६. दोन सेंटिमीटर जास्त आहेत, पण आधी एकच कापा आणि पुन्हा मोजा. कापलेलं परत जोडता येत नाही.

खड्डा जागेवर आल्यावरही तळ १.४ च्या आसपास राहिला तर लांबीशी खेळू नका. रेडियल्स, म्हणजे पायथ्याशी ग्राउंडला जोडलेल्या सळ्या, आडव्या असतील तर ही अँटेना ३५ ओहमच्या जवळपास असते आणि ५० भागिले ३५ म्हणजे १.४. रेडियल्स ४५ अंशांत खाली वाकवल्या की ती ५० कडे सरकते. अँटेना ३५ ची आहे की ७० ची, हे एसडब्ल्यूआर सांगणार नाही. त्यासाठी नॅनोव्हीएनएवरच स्मिथ चार्ट उघडा, फिलिप स्मिथ यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेला. मधोमध ५० ओहम, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. सातव्या पायरीत हरवलेलं चिन्ह तिथे परत मिळतं. नवख्याला तो गोल जंजाळ वाटतो, पण सुरुवातीला डावं-उजवं एवढंच वाचलं तरी पुरे.

आणि आकडा किती हवा? १.५ ला ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. ११ टक्के म्हणजे अर्धा डेसिबल, पलीकडच्या माणसाला कानाने कळणार नाही. २ च्या वर बरेच ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करू लागतात, म्हणून २ च्या आत आणा. १.३ वरून १.१ करण्यासाठी गच्चीवर संध्याकाळ घालवणं मला तरी पटत नाही.

मीटरवर पुढची आणि परतीची शक्ती वेगळी दिसत असेल तर परतीचीला पुढचीने भागून वर्गमूळ काढा, Γ मिळतो. ५ वॉट पुढे आणि ०.२ वॉट मागे, तर वर्गमूळ ०.२, म्हणजे एसडब्ल्यूआर १.५.

## ९. चांगला आकडा दिसला की संशय घ्या

डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर, याचा एसडब्ल्यूआर १ असतो आणि तो काहीच प्रक्षेपित करत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण लांब केबलही थोडी डमी लोडसारखीच वागते हे विसरलं जातं. १४५ मेगाहर्ट्झला १५ मीटर आरजी-५८ सुमारे ३ डेसिबल खाते. लाट जाताना अर्धी होते, परतलेली येताना पुन्हा अर्धी. त्यामुळे अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३ असेल तर खाली खोलीत १.७ दिसेल. अँटेना मुळात जोडलेलीच नसेल तरी मीटर अनंत न दाखवता ३ दाखवेल.

तपासायचं असेल तर केबल अँटेनापासून सोडवा, टोक मोकळं ठेवा आणि खालून रिटर्न लॉस, म्हणजे परतलेली लाट निघालेल्या लाटेपेक्षा किती डेसिबल कमी आहे ते, मोजा. आलेल्या आकड्याचा अर्धा म्हणजे केबलचा एकेरी लॉस. ६ डेसिबल आले तर केबल ३ खाते.

केबलची लांबी बदलली किंवा केबलला हात लावला की आकडा हलत असेल तर दोन शक्यता. एक, करंट जाळीच्या बाहेरून वाहतोय आणि केबलच अँटेना झाली आहे. अँटेनाच्या पायथ्याशी केबलवर फेराइटचे मणी घाला. दोन, केबल ५० ओहमची नाहीच. ७५ ओहमच्या टीव्ही केबलला ५० ची अँटेना लावली आणि लांबी पाव लाटेच्या विषम पटीत पडली तर खाली ११२.५ ओहम दिसतात, म्हणजे एसडब्ल्यूआर २.२५. तीच केबल अर्ध्या लाटेच्या पटीत कापली तर आकडा १ येतो आणि "हीच केबल चालते" हे दुकानदाराचं म्हणणं खरं वाटू लागतं.

अँटेना बसवल्याच्या दिवशी दोन आकडे लिहून ठेवा: अँटेनासह एसडब्ल्यूआर आणि मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस. पावसाळ्यानंतर दोन्ही पुन्हा मोजा. कनेक्टरमधून जाळीत पाणी शिरलं की केबल जास्त खाऊ लागते, आणि त्यामुळे एसडब्ल्यूआर बऱ्याचदा सुधारलेला दिसतो. मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस ६ वरून १० झाला असेल तर एसडब्ल्यूआर कितीही छान दिसो, कनेक्टर कापून बघा. जाळी काळी पडलेली दिसली तर काळेपणा संपेपर्यंत केबल कापत जा, आणि तो संपतच नसेल तर केबल नवी घ्या.